शून्यावर अडकलेले लूप: बॉयलर पॅनेलच्या हंगामपूर्व तपासणीच्या नोंदी

काम: सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं बॉयलर पॅनेल. गळीत सुरू व्हायच्या आत १४ अ‍ॅनालॉग लूप तपासून द्यायचे. पावसाळ्यात केबल ट्रेंचमध्ये पाणी साचून होतं, ते सप्टेंबरअखेर उपसलं.

जोडणी: सगळे ट्रान्समीटर टू-वायर, ४ मिलीअँप म्हणजे ० टक्के आणि २० म्हणजे १००. करंटची वाट अशी: २४ व्होल्टच्या सप्लायचा, म्हणजे एसएमपीएसचा प्लस, ६३ मिलीअँपचा काचेचा फ्यूज, पॅनेलचं टर्मिनल, जंक्शन बॉक्स, ट्रान्समीटरचा प्लस, ट्रान्समीटरचा मायनस, परत जंक्शन बॉक्स, इनपुट कार्ड, कार्डातला २५० ओहमचा रोध आणि शेवटी एसएमपीएसचा मायनस. हा मायनस पॅनेलमध्ये एकाच जागी अर्थ केलेला आहे. केबल १.५ चौरस मिमी, सगळ्यात लांब लूप ३०० मीटरचा. दोन्ही तारांचा मिळून रोध ७ ओहम, म्हणजे २० मिलीअँपला केबलमध्ये जेमतेम ०.१५ व्होल्ट खर्ची पडतो. ट्रान्समीटरच्या प्लेटवर किमान १०.५ व्होल्ट लिहिलेलं आहे.

६ ऑक्टोबर

बॉयलर थंड. पाणी नाही, वाफ नाही, त्यामुळे स्क्रीनवर जवळपास सगळंच शून्य. यातलं खरं शून्य कुठलं आणि मेलेलं कुठलं, हे स्क्रीनवरून कळायला मार्ग नाही. स्केलिंगमध्ये खालची मर्यादा ० टक्क्यांना बांधलेली आहे. ४ मिलीअँप आले तरी ०, ३.६ आले तरी ० आणि तार तुटून काहीच आलं नाही तरी ०. प्रोग्रामवाल्यांना ही मर्यादा काढून प्रत्येक लूपचा मिलीअँपचा आकडा देखभालीच्या पानावर दाखवायला सांगितलं आहे. ३.६ किंवा त्याखाली गेल्यास ० न दाखवता सिग्नल खराब अशी खूण यावी, हेही कळवलं.

तोवर मल्टिमीटर. करंट मोजायला लूप तोडायची गरज नाही. कार्डाच्या टर्मिनलवर, २५० ओहमच्या दोन टोकांत, डीसी व्होल्ट घेतले की पुरतं. १.०० व्होल्ट म्हणजे ४ मिलीअँप, ५.०० म्हणजे २०. मीटर अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून समांतर लावला तर तो जवळजवळ शॉर्टच असतो. प्रोब लावायच्या आधी सॉकेट बघावा.

१४ पैकी दहा लूपवर १.०० व्होल्ट किंवा त्याहून थोडं जास्त. ते जिवंत आहेत, त्यांचं शून्य खरं.

तापमानाच्या TT-118 वर ०.९० व्होल्ट, म्हणजे ३.६ मिलीअँप. हा ट्रान्समीटर मेलेला नाही, तो तक्रार करतोय. सेन्सर तुटला की करंट ३.६ किंवा त्याखाली न्यायचा, अशी त्याची सेटिंग असते. हेड उघडलं, थर्मोकपलची एक तार स्क्रूखालून निसटली होती. बसवली, विषय संपला.

उरलेले तीन, FT-104 (फीड वॉटर फ्लो), PT-112 (डीएरेटर प्रेशर) आणि LT-131 (डीएरेटर लेव्हल), तिघांवरही «शून्य».

७ ऑक्टोबर

कालच्या नोंदीत दुरुस्ती. FT-104 वर पूर्ण शून्य नव्हतं. पुन्हा घेतलं तेव्हा ०.३४ व्होल्ट, आणि आकडा हलता. म्हणजे १.३ ते १.४ मिलीअँप. काल घाईत «शून्यच» धरलं गेलं. तार तुटली असेल तर करंट स्वच्छ ०.०० असतो आणि ट्रान्समीटर धड असेल तर ३.६ च्या फारसा खाली उतरत नाही. मधला आकडा म्हणजे वाट पुरती बंद नाही, पण कुठेतरी चोंदली आहे. हे पुढे कामाला आलं.

आज पहिला प्रश्न एवढाच: पॅनेलमधून बाहेर व्होल्टेज जातंय का? फील्डकडे जाणाऱ्या दोन टर्मिनलांमध्ये, तारा न काढता घेतलेले आकडे असे: LT-131 वर २४.१, FT-104 वर २३.८, PT-112 वर ०.

PT-112 आधी घेतला. फ्यूजच्या अलीकडे २४.१, पलीकडे ०. फ्यूज गेलेला. नवा फ्यूज घालून पुढे जायचा मोह होतो, पण उडालेला फ्यूज हे लक्षण झालं, दुखणं दुसरीकडे असतं. इथे थोडा हिशेब करावा. फील्डमध्ये प्लस आणि मायनस तारा एकमेकींना चिकटल्या, तर करंट २५० ओहममधूनच जातो:

```
24.1 / (250 + 7) = 0.094 A
```

म्हणजे ९४ मिलीअँप. ६३ चा फ्यूज दीडपट करंटवर तासभरसुद्धा टिकू शकतो, आणि तोवर स्क्रीनवर शून्य नाही तर १०० टक्क्यांच्या वर आकडा दिसतो. (तेवढ्या वेळात २५० ओहमवर सव्वादोन वॅट पडतात आणि तो रोध भाजतो, हे वेगळं. काही कार्डांत करंटला आतूनच लगाम असतो, ती वाचतात.) याउलट एकटी प्लस तार अर्थला लागली, तर २५० ओहम वाटेतून वगळला जातो आणि फ्यूज क्षणात उडतो. म्हणून फ्यूज गेलेला दिसला की आधी प्लस ते अर्थ तपासावं.

फ्यूज काढून ठेवला, फील्डची प्लस तार टर्मिनलमधून सोडवली. प्लस ते अर्थ: ३ ओहम. जंक्शन बॉक्समध्ये तार तोडून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. पॅनेलकडची बाजू स्वच्छ, ट्रान्समीटरकडची ३ ओहम. ग्लँड उघडली तेव्हा दिसलं की आर्मरच्या तारेचं एक तिरकं कापलेलं टोक आतलं आवरण भोसकून थेट प्लसच्या तांब्यापर्यंत गेलं होतं. ग्लँड आवळताना केबल फिरली की असं होतं.

केबल १५० मिमी मागे कापली, डबल कॉम्प्रेशन ग्लँड नव्याने बसवली. दोन्ही टोकं मोकळी करून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासलं, १०० मेगाओहमच्या वर. एक टोक जरी कार्डाला किंवा ट्रान्समीटरला लागलेलं राहिलं तर मेगर ते जाळून टाकतो. म्हणून आधी दोन्ही टोकांचे फोटो आणि मगच मेगर, असा नियम केला. नवा फ्यूज ६३ मिलीअँपचाच. ड्रॉवरमध्ये १ अँपचे पडलेत, ते इथे चालणार नाहीत. पुढच्या वेळी तार अर्थला लागली तर फ्यूज शाबूत राहील आणि सामाईक सप्लाय खाली येईल. PT-112 वर १.०० व्होल्ट.

८ ऑक्टोबर

FT-104. फिटरने ट्रान्समीटरच्या दोन्ही तारा काढून त्यांच्यात मोजलं: २४.१. «साहेब, सप्लाय पूर्ण येतोय, ट्रान्समीटरच गेलाय,» असं म्हणून तो स्टोअरची चिठ्ठी मागायला आला. चिठ्ठी थांबवली. नवा ट्रान्समीटर लावला असता तरी तोच आकडा आला असता.

हा फसवा आकडा बहुतेक ठिकाणी फसवतो. तारा काढल्या की करंट शून्य होतो. करंटच नाही, तर वाटेतला सांधा कितीही गंजलेला असो, त्याच्यावर व्होल्टेज पडतच नाही. मल्टिमीटर स्वतः १० मेगाओहमचा. त्याला मायक्रोअँपमध्ये मोजावं एवढं पुरतं, तेवढं हजारो ओहमच्या गंजातूनही सहज येतं. त्यामुळे मोकळ्या तारांवर २४ दिसणं याचा अर्थ तार कुठेतरी लागलेली आहे, एवढाच. ती ४ मिलीअँप वाहू शकते की नाही, हे त्यातून कळत नाही. ट्रान्समीटर परत जोडून त्याच्या टर्मिनलवर मोजलं तर साधारण ५ व्होल्ट. १०.५ च्या खाली तो उठणारच नाही.

खात्रीसाठी ट्रान्समीटरच्या जागी खोटा भार लावला: १ किलोओहम, १ वॅटचा साधा रोध, दोन टोकांना क्लिपा. अर्धा वॅटचाही चालतो, कारण त्यात ०.३७ वॅटच जातात; पण तो हाताला चटका देतो. सगळं ठीक असेल तर किती करंट यायला हवा, ते आधीच लिहून ठेवलं:

```
24.1 / (1000 + 250 + 7) = 0.0192 A
```

म्हणजे १९.२ मिलीअँप, कार्डावर ४.७९ व्होल्ट. प्रत्यक्षात कार्डावर आले ०.४० व्होल्ट, म्हणजे १.६ मिलीअँप. २४.१ ला १.६ मिलीअँपने भागलं तर लूपचा एकूण रोध सुमारे १५ हजार ओहम. त्यातले १,२५७ आपल्या हिशेबातले; उरलेले पावणेचौदा हजार ओहम मध्येच कुठेतरी बसलेत.

आता शोधणं सोपं. भार तसाच ठेवून जंक्शन बॉक्सपर्यंत आलो. पॅनेलकडून येणाऱ्या जोडीत २३.७ व्होल्ट, त्याच टर्मिनलांच्या ट्रान्समीटरकडच्या बाजूला १.६. म्हणजे दोष बॉक्समध्येच. एक प्रोब आत येणाऱ्या तारेच्या तांब्यावर, दुसरा बाहेर जाणाऱ्या तारेच्या तांब्यावर: मायनसच्या टर्मिनलवर ०.०१, प्लसच्या टर्मिनलवर २२.१. गंजावर २२.१, भारावर १.६ आणि कार्डावर ०.४ मिळून २४.१, हिशेब जुळला. ही बेरीज जुळली नसती तर आणखी एक सांधा शोधावा लागला असता.

वरून टर्मिनल चांगलं दिसत होतं, स्क्रूही घट्ट. तार ओढून काढली तर फेरूलच्या आत तांबं हिरवं आणि भुरभुरीत. बॉक्सच्या वरच्या बाजूने एक केबल घुसवलेली आहे, तिच्यावरून ओघळलेलं पाणी थेट याच टर्मिनलवर पडत होतं. टर्मिनल बदललं, चमकतं तांबं लागेपर्यंत तार मागे कापली, नवं फेरूल क्रिंप केलं. वरची केबल खालून घेतली, वरच्या भोकाला बंद प्लग. पुन्हा खोटा भार: कार्डावर ४.७९. मग ट्रान्समीटर जोडला: १.०० व्होल्ट.

खोट्या भाराची एक मर्यादा नोंदवून ठेवतो. ही रीत बॉयलर हाऊससाठी. डिस्टिलरीत स्फोटक वाफेच्या भागात टर्मिनल उघडून क्लिपा लावायच्या नाहीत. तिथले लूप बॅरिअरमधून जातात, बॅरिअरचा स्वतःचाही काहीशे ओहम रोध असतो, त्यामुळे वरचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

९ ऑक्टोबर

LT-131. पॅनेलवर २४.१, ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर तारा जोडलेल्या असतानाही २४.१, आणि कार्डावर ०.०००, अगदी स्थिर. FT-104 शी तुलना केली की फरक कळतो: तिथे ट्रान्समीटर जोडला की व्होल्टेज कोसळत होतं, इथे ते हलतही नाही, कारण ट्रान्समीटर काही ओढतच नाही. त्याची जागा १ किलोओहमने घेतली तर कार्डावर ४.७९ आणि स्क्रीनवर ९५ टक्के. सप्लाय, फ्यूज, केबल, सांधे, कार्ड आणि स्केलिंग, सगळे एका फटक्यात सुटले. राहिला ट्रान्समीटर.

पोलॅरिटी बघितली, सरळ आहे. उलटी असती तरी हेच आकडे मिळाले असते, फक्त मीटरवर वजा चिन्ह आलं असतं. म्हणून लाल प्रोब कुठे ठेवलाय याकडे लक्ष हवं.

स्टोअरला जाण्याआधी एक छोटी गोष्ट. या ट्रान्समीटरच्या टर्मिनल ब्लॉकवर प्लस आणि मायनसच्या जोडीला टेस्ट नावाचा तिसरा स्क्रू आहे. टेस्ट आणि मायनस यांच्या मध्ये एक डायोड असतो आणि लूपचा सगळा करंट त्यातून जातो. मिलीअँप मीटर त्या दोघांत लावला की करंट डायोड सोडून मीटरमधून जातो, लूप न तोडता वाचता येतो. पण कुणी चुकून सप्लायच्या तारा टेस्टच्या स्क्रूवर लावल्या तर डायोड जळतो. तो जळून उघडा पडला की लूप तिथेच तुटतो आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स धड असूनही ट्रान्समीटर मेल्यासारखा दिसतो.

टेस्ट आणि मायनस यांच्यात तारेचा तुकडा टाकला. डिस्प्ले लागला, कार्डावर १.०१ व्होल्ट. डायोडच गेला होता. उन्हाळ्यात टेबलावर तपासताना २४ व्होल्ट चुकीच्या स्क्रूवर लागले असावेत. टेस्टच्या स्क्रूवर पान्याचे ताजे ओरखडे आहेत.

तारेचा जंपर ठेवून लूप चालू केला. मोजमापावर याचा परिणाम नाही, फक्त टेस्टच्या स्क्रूवर मीटर लावून आता करंट कळणार नाही, तिथे शून्यच येईल. झाकणाच्या आत तशी चिठ्ठी चिकटवली, नाहीतर पुढच्या पाळीचा माणूस ते शून्य बघून पुन्हा ट्रान्समीटरची चिठ्ठी लिहील. नवा टर्मिनल ब्लॉक मागवला.

१४ ऑक्टोबर

बॉयलरची पहिली ट्रायल. दुपारी सोलेनॉइड व्हॉल्व्हचा गट उचलला आणि दुसऱ्या रांगेतल्या कार्डावरचे आठ लूप एकदम शून्य. सोलेनॉइड सोडले, आठही परत आले. आठ ट्रान्समीटर किंवा आठ केबली एका क्षणी जात नाहीत. एकत्र जाणाऱ्या गोष्टीत सामाईक काय, ते बघायचं. इथे सामाईक म्हणजे दुसरा एसएमपीएस.

त्या आठांत स्टीम फ्लोही आहे. थ्री-एलिमेंट कंट्रोलमध्ये स्टीम फ्लो शून्य झाला की फीड वॉटर व्हॉल्व्ह मिटायला लागतो आणि ड्रमची पातळी खाली जाते. त्यामुळे मोजायच्या आधी कंट्रोलर मॅन्युअलवर घेतला, ड्रम लेव्हलसाठी एक माणूस गेज ग्लासपाशी उभा केला, आणि मगच मीटर हातात घेतला.

एसएमपीएसच्या टर्मिनलवर, सोलेनॉइड बंद असताना १५.२ व्होल्ट. चालू असताना १०.८. एसी बाजू ठीक, २३२. पॉवर बंद करून उघडलं तर आतले दोन कपॅसिटर फुगलेले.

१५.२ व्होल्टवर हे लूप सकाळपर्यंत चालले कसे, हे समजून घेण्यासारखं आहे. ४ मिलीअँपला कार्ड १ व्होल्ट खातं, ट्रान्समीटरला १४.२ उरतात, तो खूश. करंट वाढेल तसं कार्ड जास्त खातं आणि ट्रान्समीटरचं कमी होतं. तो १०.५ वर टेकतो तो करंट असा:

```
(15.2 - 10.5) / (250 + 7) = 0.0183 A
```

१८.३ मिलीअँप, म्हणजे ८९ टक्के. त्याच्या वर हे आठ लूप जाऊच शकले नसते; काही ट्रान्समीटर तिथे अडकतात, काही बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि स्क्रीनवर आकडा उड्या मारतो. १०.८ व्होल्टवर मात्र ४ मिलीअँपलाही ट्रान्समीटरला ९.८ च उरतात, म्हणून सगळे एकदम शून्य. या रांगेची तपासणी थंड बॉयलरवर फक्त ४ मिलीअँपला झाली होती. कार्डावर १.०० दिसलं आणि टिक केलं, एसएमपीएसचं व्होल्टेज मात्र पहिल्याच रांगेचं मोजलं होतं. चूक आमची.

एसएमपीएस बदलला, सोलेनॉइडना वेगळा सप्लाय दिला. सोलेनॉइड चालू असताना नवा २४.० वर स्थिर.

१५ ऑक्टोबर

चौदाही लूप पुन्हा, या वेळी कम्युनिकेटरने ट्रान्समीटरला सक्तीने ४, १२ आणि २० मिलीअँप द्यायला लावून. २० ला कार्डावर ५.०० आणि ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर किमान १८.८ व्होल्ट, अशी अट ठेवली. तेरा पास.

PT-112 वर २० ला १७.९ आले. लूप चालतोय, पण ०.९ व्होल्ट कुठेतरी जातोय, म्हणजे ४५ ओहम जास्त. ८ तारखेचीच रीत, या वेळी भाराऐवजी ट्रान्समीटरच २० मिलीअँपवर ठेवला. फ्यूज होल्डरवर ०.९ सापडले. फ्यूज पकडणारा पितळी चिमटा सैल आहे. हा होल्डर आज निभावतोय, पण हादऱ्याने सुटला की स्क्रीनवर शून्य येईल आणि फ्यूज काढून बघणाऱ्याला तो चांगलाच दिसेल. होल्डर बदलला, १८.८.

प्रत्येक लूपचे हे आकडे पॅनेलच्या दारामागे लावले आहेत: २० मिलीअँपला कार्डाचं आणि ट्रान्समीटरचं व्होल्टेज, आणि सोबत १ किलोओहमच्या भारावर अपेक्षित साधारण ४.८. रोध आणि क्लिपा तिथेच पिशवीत टांगल्या.

बाकी: LT-131 चा टर्मिनल ब्लॉक अजून आलेला नाही, जंपर तसाच.